कातळ तुटण्याच्या आधी

दाबयंत्रात ठेवलेला काळ्या कातळाचा तुकडा फुटतो, तेव्हा बंदुकीचा बार उडाल्यासारखा आवाज होतो. यंत्राभोवती जाड पारदर्शक आडोसा लावलेला असतो आणि त्यावर चिपा ताडताड आपटतात. मग थोडी बारीक धूळ उडते, दगड घासल्यावर येतो तसा वास येतो आणि पडद्यावर एक आकडा थिजून राहतो. इतक्यात फोन वाजतो. पलीकडे साइटवरचा इंजिनिअर असतो. त्याचा प्रश्न वर्षानुवर्षं तोच आहे, "मॅडम, किती आली?"

त्याला खडकाची ताकद हवी असते, म्हणजे एकाक्षीय दाबशक्ती. कातळाचा दंडगोल दोन्ही टोकांकडून दाबत न्यायचा, बाजूंनी त्याला कसलाही आधार द्यायचा नाही आणि तो किती दाबाला फुटतो ते पाहायचं. धरणाचा पाया असो, बोगदा असो किंवा पुलाचा खांब, खडकाच्या अहवालात हा आकडा पहिल्या पानावर असतो. मी त्याला तो आकडा सांगते. पण माझ्या हातात त्या वेळी एक आलेखही असतो, आणि त्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही. खडक फुटला, हे आकड्याने कळतं. फुटण्याआधीच्या सात-आठ मिनिटांत तो कसा वागला, हे त्या आलेखात असतं आणि बांधकामाला त्याचीच गरज जास्त असते.

आधी तुकडा कुठून येतो ते सांगते. बोअर घेताना नळीच्या टोकाला हिऱ्याचे कण बसवलेलं बिट असतं. ते गोल फिरत खाली जातं आणि मधला दगड कांडीसारखा नळीत शिरतो. त्याला सगळे 'कोअर'च म्हणतात. नेहमीच्या मापाचा कोअर साधारण 54 मिलिमीटर जाडीचा असतो, तळलेल्या पुरीपेक्षा थोडा लहान. त्यातून जाडीच्या अडीचपट लांबीचा, म्हणजे साधारण 135 मिलिमीटरचा तुकडा कापायचा. तुकडा आखूड राहिला तर ताकद खोटी वाढते. कारण यंत्राच्या पोलादी थाळ्या दगडाच्या टोकांना घर्षणाने धरून ठेवतात आणि टोकाजवळचा भाग बाजूला फुगू देत नाहीत. आखूड तुकड्यात या दोन पकडींमध्ये मोकळा भागच उरत नाही.

कापल्यावर टोकं घासायची. ती 0.02 मिलिमीटरपर्यंत सपाट असावी लागतात, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीच्या पाचव्या हिश्श्याइतकी. आमच्याकडचे काका हे काम करतात. घासलेलं टोक ते काचेवर ठेवतात, दगडाला बोटाने हलकीच टिचकी मारतात आणि कान देतात. टोक जरा जरी उंचवट्याचं असेल तर दगड काचेवर डुगडुगतो आणि बारीक टकटक ऐकू येते. मग डायल लावून मोजमाप होतंच, पण काकांच्या कानाने परत पाठवलेला तुकडा डायलने पास केल्याचं मला आठवत नाही.

आता एक तुकडा यंत्रात ठेवू. घट्ट, बारीक कणांचा काळा बेसाल्ट घेऊ, सह्याद्रीत सगळीकडे दिसतो तो. दगडाच्या अंगावर नखाएवढे चार स्ट्रेन गेज चिकटवलेले आहेत, दोन उभे आणि दोन आडवे. गेज म्हणजे पातळ पट्टीवर नागमोडी बसवलेली धातूची तार. दगड आखडला की तारही आखडते, तिचा विद्युतरोध किंचित बदलतो आणि त्यावरून दगड किती आखडला ते कळतं. उभे गेज उंची किती कमी झाली ते सांगतात आणि आडवे गेज दगड कमरेत किती फुगला ते सांगतात. दाब अशा बेताने वाढवायचा की दगड पाच ते दहा मिनिटांत फुटावा. घाईने दाबलं तर दगड नसलेली ताकद दाखवतो.

आलेखात उभ्या अक्षावर दाब असतो, म्हणजे भार भागिले दगडाच्या टोकाचं क्षेत्रफळ. पुस्तकी मराठीत त्याला प्रतिबल म्हणतात. आडव्या अक्षावर विकृती असते, म्हणजे मूळ लांबीच्या मानाने दगड किती आखडला. समजा आपला दगड 250 किलोन्यूटन भाराला फुटला. हा भार साडेपंचवीस टनांचा, भरलेल्या दहाचाकी ट्रकच्या वजनाइतका, आणि तो पुरीपेक्षा लहान वर्तुळावर. 54 मिलिमीटर व्यासाच्या टोकाचं क्षेत्रफळ 2290 चौरस मिलिमीटर भरतं. भागाकार केला की 109 मेगापास्कल येतात. घराच्या स्लॅबचं चांगलं काँक्रीट 25 मेगापास्कलचं असतं, म्हणजे हा दगड त्याच्या चौपटीहून जास्त ताकदीचा. एवढा भार सोसून फुटण्याच्या क्षणी तो किती आखडलेला असतो? फक्त 0.3 मिलिमीटर, तीन कागद एकावर एक ठेवावेत इतका. आलेखातली सारी गोष्ट या तीन कागदांच्या जाडीत घडते.

सुरुवातीला रेषा जराशी खोलगट असते, म्हणजे दगड थोडक्या दाबालाही जास्त आखडतो. दगडात आधीपासून केसांसारख्या भेगा असतात आणि त्या या टप्प्यात मिटत जातात. घट्ट बेसाल्टमध्ये त्या थोड्याच, म्हणून हा भाग लगेच संपतो. मग रेषा सरळ वर चढू लागते. इथे दगड स्प्रिंगसारखा वागतो. दाब काढला तर तो जवळजवळ पूर्वीच्या उंचीवर परत येतो. या सरळ भागाच्या चढावरून दगडाचा ताठरपणा काढतात. आपल्या दगडात तो 48,000 मेगापास्कल आहे असं धरू. स्लॅबच्या काँक्रीटच्या जवळपास दुप्पट. धरणाचा पाया त्याच्यावर बसल्यावर किती दबेल याचा हिशेब याच आकड्यावर सुरू होतो.

आतापर्यंत उभे गेज बोलत होते. आता आडव्या गेजकडे पाहायला हवं, कारण खरी बातमी तिथे आधी पोहोचते. दगड उंचीत आखडतो तसा कमरेत फुगतो, पण सुरुवातीला फुगणं कमी असतं. उंचीत शंभर भाग आखडला तर रुंदीत पंचवीस भाग फुगतो. रुंदी दोन दिशांना, म्हणून पन्नास. एकूण हिशेबात दगडाचं आकारमान कमीच होत असतं. मग 45 मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे शेवटच्या ताकदीच्या निम्म्याच्याही आत, आडव्या गेजची रेषा वाकू लागते. उभी रेषा अजून नाकासमोर सरळ चाललेली असते. त्या रेषेकडे पाहणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. पण दगडाच्या आत कणांच्या कडांवर नव्या भेगा उघडू लागलेल्या असतात. त्या दाबाच्या दिशेने उभ्या वाढतात आणि बाजूला उघडतात, म्हणून उभ्या गेजला कळत नाहीत आणि आडव्याला लगेच कळतात. दगडाला ध्वनिसंवेदक लावला तर याच सुमाराला बारीक टिकटिक सुरू झालेली ऐकू येते.

पुढे 85 मेगापास्कलजवळ आणखी एक वळण येतं. आतापर्यंत लहान होत चाललेलं आकारमान थांबतं आणि उलट वाढू लागतं. दगड दाबला जातोय आणि तरी मोठा होतोय, कारण आतल्या भेगांची पोकळी आखडण्यापेक्षा वेगाने वाढतेय. विल्यम ब्रेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 मध्ये ग्रॅनाइटसारख्या खडकांत हे फुगणं बारकाईने मोजून दाखवलं. आकारमान उलटं फिरण्याच्या या वळणानंतर भेगा एकमेकींना गाठू लागतात. इथे दाब वाढवणं थांबवलं आणि तेवढाच कायम धरून ठेवला, तरी भेगा आपल्या आपण वाढत राहतात आणि दगड काही वेळाने फुटू शकतो. म्हणून वर्षानुवर्षं उभं राहायचं असलेल्या बांधकामाला या दगडाची ताकद 109 धरायची नाही, 85 च्या आसपास धरायची. माझ्या फोनवरच्या इंजिनिअरने 109 लिहून घेतलेले असतात.

आणि बोगद्यात तर 85 सुद्धा जास्त ठरू शकतात. कॅनडात मॅनिटोबा प्रांतात ग्रॅनाइटच्या पोटात, 420 मीटर खोलीवर, 1990 च्या दशकात एक प्रायोगिक बोगदा सुरुंग न लावता अगदी जपून कोरला. त्या ग्रॅनाइटचे कोअर प्रयोगशाळेत 200 मेगापास्कलच्या पुढे टिकत होते. पण बोगद्याच्या छताच्या आणि तळाच्या पापुद्र्यांची साल निघायला सुरुवात झाली, तेव्हा तिथला दाब त्या ताकदीच्या जेमतेम निम्म्यावर होता. नव्या भेगा सुरू होण्याची पायरी आणि ती जागा फार लांब नव्हती. आडव्या गेजची वाकलेली रेषा प्रयोगशाळेत जिथे बोट दाखवत होती, जवळपास तिथेच डोंगराने ऐकवलं.

109 मेगापास्कलला रेषा शिखरावर पोहोचते आणि बार उडतो. पण हा बार पूर्णपणे दगडाचा नसतो, त्यात यंत्राचा मोठा वाटा असतो. दगडाला दाबताना यंत्राचे पोलादी खांबही किंचित ताणले जातात आणि ओढलेल्या धनुष्यासारखी ऊर्जा साठवून ठेवतात. दगड शिखर ओलांडून जरा सैल पडला की खांब झटक्यात आखडतात आणि साठलेली सगळी ऊर्जा दगडावर मोकळी होते. दगडाला हळूहळू तुटण्याची संधीच मिळत नाही. साध्या यंत्रावरचा आलेख म्हणून शिखराशी कापल्यासारखा संपतो आणि पुष्कळ लोक त्यावरून 'हा खडक एकदम फुटणारा आहे' असा निष्कर्ष काढतात. तो निष्कर्ष यंत्राबद्दल असतो.

1960 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत नेव्हिल कुक यांना हे टोचत होतं. तिथल्या सोन्याच्या खोल खाणींत भिंती अचानक स्फोटासारख्या फुटून माणसं मरत होती. आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणीतही हेच संकट होतं. खाणीत खांब म्हणून सोडलेल्या दगडाभोवतीचा डोंगर हेच तिथलं यंत्र. भोवतालचा डोंगर ताठर असेल तर खांब कुरकुरत खचतो, लवचीक असेल तर उडतो. म्हणून शिखरानंतरचा उतार बघण्यासाठी ताठर यंत्रं बांधली गेली आणि पुढे दगडाच्या फुगण्यावर लक्ष ठेवून क्षणाक्षणाला भार कमी-जास्त करणारी यंत्रं आली. 1970 मध्ये वावर्सिक आणि फेअरहर्स्ट यांनी अशा प्रयोगांतून दाखवलं की, काही खडक शिखरानंतर सावकाश भार सोडत आणखी आखडत जातात, त्यांना तोडायला बाहेरून काम करावं लागतं. काही खडक मात्र स्वतःत साठलेल्या ऊर्जेवरच फुटतात, आणि त्यांना आवरायचं तर दाब मागे घेत त्यांच्या रेषेला शिखरानंतर उलट वळू द्यावं लागतं. पहिला प्रकार खाणकामगाराला आवाज देतो, वेळ देतो. दुसरा देत नाही.

आता याच बोअरमधला दुसरा तुकडा घेऊ. दख्खनच्या लाव्हाच्या थरांत घट्ट कातळाखाली बरेचदा पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांचा खडक लागतो. लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वाफेच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट, कॅल्साइट अशी खनिजं भरली गेली, त्यांचे हे ठिपके. बोअरवरची माणसं त्याला मांजऱ्या म्हणतात. तो यंत्रात ठेवला आणि 92 किलोन्यूटनला फुटला असं धरू, म्हणजे 40 मेगापास्कल. काळ्या कातळाच्या चाळीस टक्केही नाही. पण आलेख निराळाच दिसतो. सुरुवातीचा खोलगट भाग लांबलचक, कारण न भरलेल्या पोकळ्या आणि मऊ खनिजं आधी दबून घेतात. सरळ भाग कमी चढाचा. शिखराजवळ रेषा खांदा पाडते, गोलाई घेते, आणि फुटताना आवाज होतो तोही बसका. फुटेपर्यंत तो अर्धा मिलिमीटर आखडलेला असतो, म्हणजे जास्त ताकदीच्या दगडापेक्षा जास्त. हा खडक मरण्याआधी पुष्कळ खुणा करतो.

या दोन आलेखांतला फरक मोजायला इलिनॉय विद्यापीठात डीअर आणि मिलर यांनी 1966 मध्ये एक साधा भागाकार सुचवला. ताठरपणाला ताकदीने भागायचं. आपल्या काळ्या कातळाचे 48,000 भागिले 109, म्हणजे 440. मांजऱ्याचा ताठरपणा 12,000 धरला तर भागिले 40, म्हणजे 300. दोन दगडांची ताकद सारखी असून हा भागाकार वेगळा असेल, तर ते पायाखाली वेगळे वागणार हे आधीच कळतं.

आलेख आपल्याला फसवतो तेव्हा ते कसं ओळखायचं, हेही सांगायला हवं. समोरासमोरच्या दोन उभ्या गेजचं पटलं नाही, एक भराभर आखडतोय आणि दुसरा सुस्त आहे किंवा चक्क ताणला जातोय, तर दगड दाबला जात नाहीये, वाकतोय. टोक तिरकं घासलं गेलंय. एकाच गेजवर काम करणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. तो म्हणेल, खडक फार मऊ आहे, किंवा फार ताठर आहे, कोणत्या बाजूला गेज लावला त्यावर ते अवलंबून. फुटलेले तुकडेही बघावे लागतात. उभ्या चिरा पडून दगडाच्या ढलप्या झाल्या असतील तर मोजलेली ताकद दगडाचीच. वर-खाली दोन शंकू उरले असतील तर ते थाळ्यांच्या पकडीचं काम. पण दगड एकाच तिरक्या, गुळगुळीत, हिरवट पृष्ठावर सरकून दोन भाग झाले असतील, तर ती एका जुन्या सांध्याची ताकद आहे. ती खडकाच्या सरासरीत मिसळायची नाही. मी अहवालाला प्रत्येक तुकड्याचा फुटण्याआधीचा आणि नंतरचा फोटो जोडते, तो याचसाठी.

पाण्याची चूक माझ्या हातून झालेली आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. एका कामावरून ज्वालामुखी राखेच्या खडकाचे कोअर आले. बोअर झाल्यावर ते महिनाभर उघड्या पेटीत उन्हात पडलेले होते. आले तसे मी दाबले, आकडा समाधानकारक आला, आलेखही चांगला सरळ. नंतर कापताना उरलेली एक चकती मी सहज पाण्याच्या बादलीत टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीत चकती नव्हती, तळाशी लालसर गाळ होता. बोअरमध्ये तो खडक भूजलाच्या पातळीखाली, कायम ओला होता. मी जे मोजलं तो खडक त्या जमिनीत कधी नव्हताच. अहवाल मागे घेतला, नवे कोअर मागवले, आणि ते मेणात गुंडाळून आणवले. तेव्हापासून माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक तुकड्याबरोबर त्यातला ओलावा किती हे लिहिलेलं लागतं. घट्ट बेसाल्टला भिजल्याने फार फरक पडत नाही. गेरूसारख्या लाल थराला आणि राखेच्या खडकाला पाणी हाच खरा प्रश्न असतो.

आणखी एक गोष्ट आलेखात मुळीच दिसत नाही आणि दख्खनच्या खडकात तीच अनेकदा निकाल फिरवते. काळा कातळ थंड होताना आखडला, त्यामुळे तो सहसा उभ्या सांध्यांनी चिरफाळलेला असतो. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब हे त्याचंच ठळक रूप. यंत्रात 109 मेगापास्कल देणारा हा दगड डोंगरात सुटे ठोकळे रचल्यासारखा असू शकतो, आणि त्या फटींतून बोगद्यात पाणी उतरतं. मांजऱ्या यंत्रात 40 देतो, पण डोंगरात तो बरेचदा सलग, सांध्याविना, पाणी धरून ठेवणारा मिळतो. बोगद्याचं छत कुठल्या थरात ठेवायचं असं मला विचारलं, तर मी आधी आकडे बाजूला ठेवून कोअर बॉक्स मागवते.

पत्र्याच्या त्या पेटीत पाच खण असतात आणि प्रत्येकात मीटरभर कोअर जसा निघाला तसा ओळीने मांडलेला असतो. यंत्राला साडेतेरा सेंटिमीटरचा सलग तुकडा लागतो. त्यामुळे चाचणीसाठी निवडला जातो तो नेहमी लांब, सलग, न तुटलेला तुकडा. जिथे खडक चुरला, जिथे बोटभर तुकडेच निघाले, जिथे खण रिकामा आहे आणि ड्रिलरने लाकडाचा ठोकळा ठेवून वर 'कोअर लॉस' असं खडूने लिहिलंय, तिथला खडक यंत्रापर्यंत येतच नाही. पाच तुकड्यांची सरासरी 109 आली, तर ती त्या पेटीतल्या सगळ्यात सुदृढ पाच जागांची सरासरी असते. म्हणून फोनवर आकडा सांगितला की मी त्याला पुढचा प्रश्न विचारते: या पाच तुकड्यांच्या वर आणि खाली, पेटीत काय आहे?